झड, उघडीप आणि मार्कोव्हची साखळी

पावसाळ्यात चारसहा दिवस झड लागली की शेतकऱ्याचे डोळे उघडीपीकडे लागतात. खुरपणी राहिलेली असते, तण माजलेले असते, आणि जमिनीला वाफसा यायला दोनतीन कोरडे दिवस तरी हवे असतात. अशा वेळी कुणी गणिताचा मनुष्य पारावर येऊन म्हणाला, "या महिन्यात सरासरीने शंभरातले इतके इतके दिवस पावसाचे असतात," तर कोणीतरी त्याला विचारीलच, "मास्तर, ते खरं, पण ओळीनं तीन दिवस कोरडे मिळायची आशा किती, तेवढं सांगा." प्रश्न रास्त आहे, आणि नुसत्या सरासरीतून त्याचे उत्तर निघत नाही. किती दिवस ओले हे सरासरी सांगते. ते दिवस एकमेकांना चिकटून येतात की विखरून येतात, हे ती सांगत नाही.

पाऊस चिकटून येतो, हे आपल्या भाषेलाच ठाऊक आहे. नाही तर 'झड' आणि 'उघडीप' हे दोन शब्द आपण केलेच नसते. हा चिकटपणा आकड्यांत कसा मांडावयाचा आणि त्यातून सरासरी पुन्हा कशी काढावयाची, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते मात्र आपल्याकडचे नाही. ते भूमध्य समुद्राच्या काठचे आहे. कारण एवढेच की, तिथली मोजणी अगदी नीटस आहे, आणि या विषयात ती नेहमी दाखविली जाते.

तेल अवीव या शहरात पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले गॅब्रिएल आणि नॉयमान या दोघा संशोधकांनी तिथल्या पावसाच्या नोंदी तपासल्या आणि १९६२ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी १९२३-२४ पासून १९४९-५० पर्यंतचे सत्तावीस हिवाळे घेतले, आणि प्रत्येक हिवाळ्यातले डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी हे तीनच महिने घेतले. लीप वर्षांचे जादा दिवस धरून हे एकूण २४३७ दिवस होतात. प्रत्येक दिवसाला त्यांनी दोहोंपैकी एक नाव दिले: ओला किंवा कोरडा. किती पाऊस पडला हे त्यांनी बाजूला ठेवले. पडला की नाही, एवढेच पाहिले.

मग त्यांनी दिवस एकेकटे न मोजता जोडीने मोजले. काल आणि आज, अशी जोडी. कालचा दिवस कोरडा होता अशा जोड्या निघाल्या १३९९. त्यांपैकी १०४९ वेळा आजचा दिवसही कोरडा गेला आणि ३५० वेळा आज पाऊस आला. कालचा दिवस ओला होता अशा जोड्या निघाल्या १०३८. त्यांपैकी ६८७ वेळा आजही पाऊस होता आणि ३५१ वेळा तो थांबला. झाली सगळी मोजणी. शाळेतल्या सातवीच्या मुलालाही ती करता येईल.

आता भागाकार. १३९९ कोरड्या दिवसांनंतर ३५० वेळा पाऊस, म्हणजे हजारी २५०. उरलेले हजारी ७५० कोरडे. १०३८ ओल्या दिवसांनंतर ६८७ वेळा पाऊस, म्हणजे हजारी ६६२. आणि हजारी ३३८ वेळा उघडीप. हे चार आकडे एका चौकोनात लिहू:

आज कोरडा असेल तर: उद्या कोरडा ७५०, उद्या ओला २५०
आज ओला असेल तर: उद्या कोरडा ३३८, उद्या ओला ६६२

या चौकोनाला संक्रमण सारणी म्हणतात. 'कोरडा' आणि 'ओला' या तिच्या दोन अवस्था. प्रत्येक ओळीची बेरीज हजार यावयास पाहिजे, कारण आजनंतर उद्या येणारच, आणि तो या दोहोंपैकी एक असणारच. इथे विद्यार्थ्यांची एक ठरलेली चूक होते, ती शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवावी. मुले ३५० ला १३९९ ने न भागता एकूण २४३७ ने भागतात. मग उत्तर येते हजारी १४४. तोही आकडा खोटा नव्हे. पण त्याचा अर्थ निराळा. 'काल कोरडा आणि आज ओला' अशी जोडी एकंदर जोड्यांत किती वेळा सापडते, ते तो सांगतो. आपल्याला हवे आहे ते असे: काल कोरडा होता हे ठाऊक असताना आज पाऊस पडण्याची संभाव्यता किती. ओळीची बेरीज हजार आली नाही, तर ही चूक झाली आहे असे खुशाल समजावे.

सारणीकडे एकदा पाहा. दोन्ही ओळी सारख्या असत्या, तर कालच्या पावसाचा आजच्या पावसाशी काही संबंध नाही असे ठरले असते. पण 'उद्या ओला' या रकान्यात वरच्या ओळीत २५० आहेत आणि खालच्या ओळीत ६६२. हा जो ४१२ चा फरक आहे, तोच आपला चिकटपणा. त्याचे काम पुढे दिसेल.

आता एक गृहीत धरावे लागते, आणि ते मी उघड सांगतो. उद्याचे भाकीत करताना आजचा दिवस कसा आहे एवढेच पाहावयाचे. काल काय झाले, परवा काय झाले, हे विसरावयाचे. साखळीची प्रत्येक कडी फक्त शेजारच्या कडीत अडकलेली असते, तसे हे आहे. म्हणूनच याला साखळी म्हणतात, आणि ज्या रशियन गणितज्ञाने हा विचार मांडला त्याच्या नावावरून मार्कोव्हची साखळी. आंद्रेइ मार्कोव्ह याने पाऊस मोजला नव्हता बरं का! १९१३ साली त्याने पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातली वीस हजार अक्षरे घेतली आणि स्वरानंतर स्वर किती वेळा येतो, व्यंजनानंतर स्वर किती वेळा येतो, ते मोजले. पद्धत हीच.

समजा, आज तेल अवीवमध्ये कोरडा दिवस आहे. असे एक हजार कोरडे दिवस कल्पनेने घ्या, म्हणजे अपूर्णांकांचा त्रास नको. उद्या त्यांतले २५० ओले होतील, ७५० कोरडे राहतील. परवा काय? ओले दिवस दोन वाटांनी येतील. कोरड्या ७५० तला चौथा हिस्सा ओला होईल, म्हणजे १८७ किंवा १८८. आणि ओल्या २५० पैकी हजारी ६६२ ओलेच राहतील, म्हणजे सुमारे १६५. बेरीज ३५३. त्यानंतरच्या दिवसासाठी हाच हिशेब पुन्हा करावयाचा. मी केला आहे. ओल्या दिवसांचे आकडे असे येतात: २५०, ३५३, ३९५, ४१३, ४२०, ४२३, ४२४. वाढ दररोज मंदावत जाते.

आता उलट बाजूने सुरुवात करू. आज पाऊस पडतो आहे. हजार ओल्या दिवसांपासून निघालो, तर ओल्यांचे आकडे येतात: ६६२, ५२३, ४६५, ४४२, ४३२, ४२८. हे उतरत येतात. एक रांग खालून वर चढते आहे, दुसरी वरून खाली उतरते आहे, आणि दोन्ही ४२५ च्या आसपास भेटतात. भेटण्याचा वेगही ठरलेला आहे. मुक्कामापासूनचे अंतर प्रत्येक दिवशी ४१२ हजारांशाने गुणले जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशी साधारण दोनपंचमांश अंतरच शिल्लक राहते. दोन ओळींतला मघाचा फरक तो हाच. फरक जितका मोठा, तितकी आजच्या दिवसाची आठवण जास्त काळ टिकते. इथे ती आठवडाभरात जवळजवळ पुसली जाते. आज पाऊस होता की नव्हता, हे कळून आठ दिवसांनंतरच्या भाकिताला काही उपयोग नाही.

इथे एक गैरसमज होतो. आकडे ४२५ वर स्थिरावले म्हणजे हवा स्थिरावली, असे कित्येकांना वाटते. हवा कसली स्थिरावते! ती ओली-कोरडी होतच राहते. स्थिरावते ती आपली अटकळ.

हा ४२५ काढायला दररोजचा गुणाकार करीत बसण्याची गरज नाही. दुसरी वाट सोपी आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या विषयात तीच सुंदर आहे. घराला दोन खोल्या आहेत आणि मध्ये एकच दार आहे, असे समजा. एक खोली कोरडी, दुसरी ओली. एक माणूस दररोज एका खोलीत असतो. कधी दार ओलांडतो, कधी आहे तिथेच राहतो. तो ओल्या खोलीत शिरला, तर पुन्हा शिरण्यापूर्वी त्याला बाहेर पडावेच लागेल. म्हणजे आत जाण्याच्या खेपा आणि बाहेर येण्याच्या खेपा यांत फार तर एकाचा फरक पडेल. आता मघाचे आकडे आठवा. कोरड्याकडून ओल्याकडे ३५० खेपा, ओल्याकडून कोरड्याकडे ३५१. प्रत्येक हिवाळ्यात फार तर एकाचा फरक, त्यामुळे सत्तावीस हिवाळ्यांत मिळून तो फार तर सत्तावीस झाला असता. प्रत्यक्षात फरक एकमेकांत फिटून एकच उरला.

दीर्घकाळात दारातल्या दोन्ही बाजूंच्या खेपा सारख्या असतात, एवढ्यावरून उत्तर निघते. कोरड्या दिवसांचा हजारी २५० हिस्सा दार ओलांडून ओल्याकडे जातो. ओल्या दिवसांचा हजारी ३३८ हिस्सा उलट येतो. दोन्ही समान व्हायचे, तर कोरडे आणि ओले यांचे प्रमाण ३३८ ला २५० असे पाहिजे. बेरीज ५८८. म्हणून ओल्यांचा हिस्सा २५० भागिले ५८८, म्हणजे हजारी ४२५. आणि कोरड्यांचा ३३८ भागिले ५८८, म्हणजे हजारी ५७५. याला दीर्घकालीन वाटणी म्हणतात. ताळा पाहावयाचा असेल तर हीच वाटणी सारणीतून एकदा फिरवा: ५७५ चा चौथा हिस्सा १४४, आणि ४२५ पैकी हजारी ६६२ म्हणजे २८१, बेरीज पुन्हा ४२५. वाटणी हलत नाही.

आता नोंदवहीकडे वळू. २४३७ जोड्यांपैकी १०३८ मध्ये पहिला दिवस ओला, म्हणजे हजारी ४२६. हिशेबाने आले ४२५. विद्यार्थी इथे खूश होतात आणि म्हणतात, "सर, साखळी सिद्ध झाली!" नाही हो. या जुळण्याने काहीच सिद्ध होत नाही. सारणी त्याच नोंदीतून काढली आहे, आणि दाराच्या खेपा सारख्या असणे हे कोणत्याही रांगेला लागू आहे, मग तिथे मार्कोव्हचे गृहीत खरे असो वा नसो. ज्या आकड्यांतून पद्धत काढली तेच आकडे तिने परत दिले, तर ती परीक्षा नव्हे. परीक्षा घ्यावयाची ती अशा गोष्टीवर, जी सारणी करताना आपण मोजलेली नव्हती.

अशी गोष्ट म्हणजे झडीची लांबी. साखळी खरी असेल, तर पाऊस सुरू झाल्यावर दररोज त्याने थांबण्याची संभाव्यता हजारी ३३८ च राहील. तो आजच सुरू झालेला असो की पाच दिवसांपासून पडत असो. तेव्हा शंभर झडींपैकी ३४ एकाच दिवसात आटोपतील, २२ दोन दिवस टिकतील, १५ तीन दिवस, आणि उरलेल्या २९ त्याहून लांब. झडीची सरासरी लांबी हजार भागिले ३३८, म्हणजे जवळजवळ तीन दिवस; उघडीपीची हजार भागिले २५०, म्हणजे चार दिवस. गॅब्रिएल व नॉयमान यांनी झडी आणि उघडिपी लांबीप्रमाणे मोजून अशा अपेक्षेशी ताडून पाहिल्या, आणि त्या चांगल्या जुळल्या. त्या निबंधाचे वजन आहे ते या तपासणीत.

आता पारावरच्या प्रश्नाकडे येऊ. ओळीने तीन दिवस कोरडे मिळण्याची आशा किती? सरासरीवर विसंबणारा मनुष्य ५७५ हजारांश तीनदा घेऊन गुणील. उत्तर हजारी १९०. साखळीचा हिशेब असा: पहिला दिवस कोरडा असण्याची संभाव्यता हजारी ५७५, पण पुढचे दोन दिवस प्रत्येकी हजारी ७५०. गुणाकार हजारी ३२३. एकाच्या मते पाचात एकदासुद्धा नाही. दुसऱ्याच्या मते तिनात जवळजवळ एकदा. आणि आज उघडीप पडलेलीच असेल, तर पुढचे तीन दिवस कोरडे जाण्याची संभाव्यता ७५० चा तीनदा गुणाकार, हजारी ४२२. झडीची बाजूही अशीच बदलते. ओळीने तीन ओले दिवस सरासरीच्या हिशेबाने हजारी ७७ वेळा यावेत, साखळीच्या हिशेबाने १८६ वेळा. ओल्या-कोरड्याची सरासरी दोघांचीही एकच आहे, तरी खुरपणीच्या मजुरांना कधी सांगावयाचे, याचे उत्तर दोघांकडून निराळे मिळते.

ही साखळी कुठे तुटते? पहिली जागा म्हणजे ऋतू. त्या दोघांनी तीनच महिने का घेतले, हे आता कळेल. वर्षभराच्या नोंदी एकत्र केल्या असत्या, तर उन्हाळ्यातले शेकडो कोरडे दिवस पहिल्या ओळीत शिरले असते आणि एक अशी सारणी निघाली असती, जी जानेवारीलाही लागू नाही आणि जुलैलाही नाही. आपल्याकडे जुलै आणि मेच्या नोंदी एकत्र केल्या तर हेच होईल. दुसरी जागा म्हणजे आठवण. काही हवामानात परवाचा दिवसही बोलतो. हे ओळखावयाची रीत सोपी आहे. 'काल ओला' अशा सगळ्या जोड्या दोन ढिगांत वाटा: एका ढिगात परवाही ओला होता, दुसऱ्यात परवा कोरडा होता. दोन्ही ढिगांत आज पाऊस असण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे आले, तर एका दिवसाची आठवण पुरे. फरक मोठा आला, तर दोन दिवसांची अवस्था धरावी लागेल. मग अवस्था दोनच्या चार होतील आणि सारणीही वाढेल.

तिसरी गोष्ट पावसाची नव्हे, नळाच्या पाण्याची आहे. ज्या गावात एक दिवसाआड पाणी सुटते, तिथली सारणी काढा. आज पाणी असेल तर उद्या नक्की नाही. आज नसेल तर उद्या नक्की आहे. दाराच्या रीतीने वाटणी निघते निम्मी-निम्मी, आणि वर्षाचा हिशेब केला तर ती बरोबरच आहे. पण दररोजचे भाकीत निम्म्यावर कधीच येत नाही. आज पाणी असेल तर शंभराव्या दिवशी पाणी आहे आणि एकशेएकाव्या दिवशी नाही, हे आजच सांगता येते. आठवण पुसलीच जात नाही. तेव्हा दीर्घकालीन वाटणी असणे ही एक गोष्ट, आणि रोजचे भाकीत तिच्याकडे येऊन थांबणे ही दुसरी. तेल अवीवच्या पावसात दोन्ही घडतात. या नळाच्या बाबतीत पहिलीच.

शिक्षकबंधूंना हा प्रयोग वर्गात करावयाचा असेल, तर आपल्या भागातल्या पर्जन्यमापकाची जुलै आणि ऑगस्टची नोंद मिळवावी. भारतीय हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. नुसत्या भुरभुरीला ओला म्हणावयाचे की नाही, हे आधी ठरवून घ्यावे आणि मग बदलू नये, कारण ती रेषा हलली की सारणीतले चारही आकडे हलतात. पावसाचे मोजमाप सकाळी साडेआठला होते. म्हणून दहा तारखेच्या सकाळी लिहिलेला पाऊस बहुतेक नऊ तारखेचा असतो, हे मुलांना सांगावे. मग फळ्यावर 'ओ' आणि 'को' अशी लांब रांग लिहून जोड्या मोजावयाच्या. जुलैचा शेवटचा दिवस ऑगस्टच्या पहिल्याशी जोडावयाचा, पण ऑगस्टचा शेवटचा पुढच्या वर्षीच्या जुलैशी जोडावयाचा नाही.

एकाच वर्षाच्या बासष्ट दिवसांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. एका ओळीत तीसच जोड्या सापडल्या आणि पाऊस येण्याचे प्रमाण शंभरात २५ निघाले, तर खरे प्रमाण १७ किंवा ३३ असणेही अगदी शक्य आहे. पाचसहा वर्षांच्या जोड्या एकत्र केल्यावर ही ओढाताण निम्म्याहून कमी होते. आणि वर्गात दोन मुलांचे आकडे जुळले नाहीत, तर आधी दारातल्या खेपा मोजाव्यात. एकाच वर्षाच्या रांगेत 'को' नंतर 'ओ' किती वेळा आणि 'ओ' नंतर 'को' किती वेळा, यांत दोनाचा फरक निघाला, तर कुठेतरी मोजण्यात चूक आहे. पाऊस कितीही लहरी असला, तरी दोनाचा फरक त्याला पाडता येत नाही.